दहा दिवसांचं मागणं

सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये दर काही महिन्यांनी कुणीतरी एक मेल लिहितो आणि बहुतेक वेळा तो फुकट जातो. मेलचा आशय ठरलेला असतो: कोड फार खराब झालाय, नवीन काम थांबवा, सगळं नीट करायला तीन महिने द्या. कोड कधीच न लिहिलेल्या मॅनेजरला यातून एवढंच कळतं की तीन महिने गिऱ्हाइकाला दाखवण्यासारखं काही मिळणार नाही आणि त्यानंतरही स्क्रीन आजच्यासारखीच दिसणार. मग ती नाही म्हणते. तिच्या खुर्चीवरून पाहिलं तर तिचं काही चुकत नाही.

हा पेच जुना आहे. १९९० च्या आसपास अमेरिकेतले प्रोग्रॅमर वॉर्ड कनिंगहॅम ‘वायकॅश’ नावाचं गुंतवणुकीचे हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर तयार करत होते. चालू असलेला कोड पुन्हा पुन्हा का उलगडून बांधावा लागतो, हे त्यांना आपल्या बॉसला समजावायचं होतं. धंदा पैशांचा, म्हणून उदाहरणही त्यांनी पैशांचंच घेतलं. सुरुवातीला घाईनं बाजारात आणलेला कोड म्हणजे कर्ज. त्यानं लवकर सुरुवात करता येते. पण काम करता करता जे नव्यानं उमगतं ते कोडमध्ये उतरवलं नाही, तर पुढच्या प्रत्येक बदलाला जास्तीचा वेळ लागतो, आणि तेच व्याज. १९९२ मध्ये एका परिषदेतल्या निबंधात त्यांनी हे मांडलं. टेक्निकल डेट, म्हणजे तांत्रिक कर्ज, ही कल्पना तिथून रूढ झाली, आणि कोडचं बाहेरून दिसणारं वागणं न बदलता त्याची आतली रचना सुधारणं, म्हणजे रिफॅक्टरिंग, ही त्याची परतफेड. गचाळ कोड लिहायला हा परवाना नाही, असं कनिंगहॅम यांनी पुढे स्पष्टही केलं.

मजा अशी की बॉससाठी शोधलेलं हे उदाहरण आज प्रोग्रॅमर एकमेकांतच जास्त वापरतात आणि बॉसकडे जाताना आकडा घरी विसरतात. कर्ज आहे म्हटल्यावर कोणताही व्यवहारी माणूस दोन प्रश्न विचारणार: व्याज किती जातंय, आणि फेडायला किती लागेल? या दोन प्रश्नांची उत्तरं ज्या मेलमध्ये आहेत, त्याचा निदान विचार तरी होतो.

ही उत्तरं कशी काढायची, ते एका कल्पित कंपनीवरून पाहू. पुण्यातली छोटी कंपनी, औषधांच्या घाऊक वितरकांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवणारी. काल्पनिक एवढंच, तिच्यावर आलेला प्रसंग खरा आहे. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेनं दर बदलले आणि बहुतेक औषधांवरचा १२ टक्के कर २२ सप्टेंबरपासून ५ टक्के झाला. हातात तीन आठवडेही नव्हते. या कंपनीच्या कोडमध्ये कराचा हिशेब असा लिहिलेला होता:

```
tax = amount * 0.12
```

ही ओळ एकाच ठिकाणी असती तर प्रश्न नव्हता. पण बिल, विक्री परत, कोटेशन, महिन्याचा अहवाल अशा अकरा ठिकाणी, वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या वर्षी ती लिहिली होती. घाईत सगळीकडे 0.12 च्या जागी 0.05 झालं. मग ऑक्टोबरमध्ये दुकानदारांनी ऑगस्टमधला माल परत पाठवला. त्या मालाची क्रेडिट नोट जुन्या बिलाच्या दरानं, १२ टक्क्यांनीच निघायला हवी होती. सॉफ्टवेअरनं ५ टक्क्यांनी काढली. दर नुसता बदलत नसतो, तो तारखेला बांधलेला असतो, हे ज्ञान कोडमध्ये कुठेच नव्हतं. कनिंगहॅम यांना अभिप्रेत असलेलं कर्ज नेमकं हेच. सुरुवातीला ती ओळ लिहिणाऱ्यानं आळस केला नव्हता. त्याच्यासमोर तेव्हा एकच दर होता.

आता व्याज मोजायचं. कोडच्या सगळ्या बदलांची नोंद ठेवणारं गिट हे साधन गेल्या सहा महिन्यांत कोणत्या फायलींना सर्वाधिक वेळा हात लागला, ते एका ओळीत सांगतं:

```
git log --since="6 months ago" --format= --name-only | sort | uniq -c | sort -rn | head
```

यादीत वर येणाऱ्या फायलींकडे लक्ष द्यायचं. एखादा भाग कितीही कुरूप असला तरी त्याला कुणी हात लावत नसेल, तर त्याच्यावर व्याज जवळजवळ नाही. प्रोग्रॅमरना मात्र नेमका तोच आधी साफ करायचा मोह होतो.

या कंपनीत बिलिंगच्या फायली वर आल्या. मग त्या काळात बिलिंगची किती कामं झाली, हे कामांच्या नोंदीतून काढलं. आठ कामं, मिळून अंदाज २० मॅन-डेचा, प्रत्यक्षात लागले ४४. जादा २४. बरेच लोक इथेच थांबतात आणि २४ हा आकडा मेलमध्ये टाकतात. अनुभवी मॅनेजर लगेच विचारते, यात तुमचा अंदाज चुकल्याचे दिवस किती? म्हणून आठही नोंदी एकेक करून वाचाव्या लागतात. त्यात सहा दिवस गिऱ्हाइकानं मध्येच मागणी बदलल्यामुळे गेलेले निघाले. ते कर्जाच्या खात्यात धरता येत नाहीत. उरलेल्या १८ पैकी १४ दिवस कराच्या त्या अकरा जागा शोधण्यात, तपासण्यात आणि राहून गेलेली एखादी नंतर दुरुस्त करण्यात गेले होते. नवी सवलत आणायची असो की मोफत मालाची योजना, अकरा जागा फिरून यावंच लागत होतं.

इथे मेल लिहिणाऱ्यानं एक शहाणपण केलं. पूर्ण बिलिंग सुधारायला त्याला ३० मॅन-डे हवे होते. त्यानं फक्त कराचा भाग मागितला.

> मॅडम,
>
> गेल्या सहा महिन्यांत बिलिंगच्या आठ कामांना अंदाजापेक्षा २४ मॅन-डे जास्त लागले. त्यातले १४ एकाच कारणानं गेले: कराचा हिशेब अकरा ठिकाणी वेगवेगळा लिहिलेला आहे. ऑक्टोबरमधल्या चुकीच्या क्रेडिट नोटांचं कारणही तेच.
>
> दोघांना एक आठवडा, म्हणजे १० मॅन-डे द्यावेत. हिशेब एका जागी आणू आणि दर तारखेप्रमाणे तक्त्यातून घेऊ. त्यामुळे स्क्रीनवर काहीही बदलणार नाही. महिन्याला साधारण दोन मॅन-डे वाचतील असा अंदाज आहे, म्हणजे पाच महिन्यांत भरपाई.
>
> या आठवड्यात कोटेशनची नवी सुविधा पुढे जाईल. बुधवारी संध्याकाळपर्यंत जुनी बिलं नव्या कोडमधून तंतोतंत निघाली नाहीत, तर काम थांबवून जुनाच कोड ठेवू.

मेल एवढाच. ‘गुंतागुंत’ नाही, ‘आर्किटेक्चर’ नाही. काय लांबणार हे त्यात आपणहून सांगितलंय, कारण मॅनेजरला ते कळणारच असतं. पैशांची बचतही सांगितलेली नाही, आणि ते बरोबर आहे: पगार दोन्हीकडे तेवढाच जातो, पुढची कामं लवकर सुटतात इतकंच.

सगळ्यात वजनदार आहे ती बुधवारची अट. मॅनेजरच्या मनात भीती असते ती मधेच अडकून पडण्याची, आणि ती उगाच नाही. नेटस्केप कंपनीनं आपल्या ब्राउझरची चौथी आवृत्ती १९९७ मध्ये आणली आणि नंतर बराचसा कोड नव्यानं लिहायला घेतला. पाचवी आवृत्ती निघालीच नाही. सहावी थेट २००० च्या अखेरीस आली, तोवर बाजार मायक्रोसॉफ्टकडे गेला होता.

बुधवारची परीक्षा कशी घ्यायची, तेही साधं आहे. मागच्या तीन महिन्यांची खरी बिलं जुन्या आणि नव्या कोडमधून काढायची आणि पैशापैशानं ताडून पाहायची. फरक हमखास निघतो. समजा एका बिलात तीन ओळी आहेत आणि प्रत्येकीचा कर १०.३३४ रुपये येतो. ओळीगणिक पूर्णांकन केलं तर १०.३३ तिप्पट, म्हणजे ३०.९९, बेरीज करून मग केलं तर ३१.००. एक पैसा. यातलं बरोबर कोणतं हे त्या आठवड्यात ठरवायचं नसतं. जुना कोड जे करत होता तेच नव्यानं करायचं आणि प्रश्न वेगळा लिहून अकाउंट्सकडे पाठवायचा. वागणं बदललं की ते रिफॅक्टरिंग उरत नाही, आणि गिऱ्हाइकाचा फोन आल्यावर दोष कशाचा हे कुणालाच सांगता येत नाही.

या मेलमध्ये भीती घालायचा मोह होतो, आणि त्यासाठी नाइट कॅपिटलची गोष्ट नेहमी हाताशी असते. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात १ ऑगस्ट २०१२ च्या सकाळी या दलाल कंपनीनं सुमारे ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून अधिक गमावले. तिच्या व्यवस्थेत ‘पॉवर पेग’ नावाचा एक कोड पडून होता. त्याचा वापर २००३ मध्येच थांबवला होता, पण तो काढला नव्हता. किती शेअर घेऊन झाले हे मोजून थांबायला सांगणारा भाग २००५ मध्ये दुसरीकडे हलवला गेला, आणि त्यानंतर पॉवर पेगची चाचणी कुणी घेतली नाही. २०१२ मध्ये नव्या सुविधेसाठी जुन्या पॉवर पेगचाच चालू-बंदचा संकेत पुन्हा वापरला. नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर चढला, आठव्यावर राहून गेला. तिथे तो संकेत मिळताच जुना पॉवर पेग जागा झाला आणि न थांबता ऑर्डरी सोडू लागला. गडबडीत कंपनीनं उरलेल्या सात सर्व्हरवरूनही नवा कोड काढला, तेव्हा तिथेही तेच सुरू झालं.

ही गोष्ट मेलमध्ये घातली की मॅनेजर म्हणते, आपण काही वॉल स्ट्रीटवर नाही, आणि विषय तिथेच संपतो. पण प्रोग्रॅमरनं ती स्वतःसाठी वाचावी. हात न लागणाऱ्या कोडवर व्याज नसतं, हा वरचा नियम कुठे मोडतो ते तिच्यात दिसतं. पॉवर पेगनं नऊ वर्षं कुणाचा दिवस खाल्ला नाही, त्यामुळे वर काढला तसला हिशेब त्याला कधीच पकडू शकला नसता. अशा मृत कोडसाठी वेगळा मेल लागत नाही. वापर संपल्याची खात्री झाली की तो नेहमीच्या कामातच काढून टाकायचा. जुनी प्रत गिटमध्ये राहतेच.

आणि एवढं सगळं करूनही मॅनेजर नाही म्हणू शकते. हे बिलिंग मार्चमध्ये बंद करून गिऱ्हाइकांना दुसऱ्या उत्पादनावर न्यायचं ठरलं असेल, तर पाच महिन्यांनी भरपाई होणारं काम आज घेण्यात अर्थ नाही, आणि ही बातमी बहुधा फक्त तिलाच असते. मग तिनं ती सांगावी. तसं काही नसून केवळ आठवडा मोकळा नसेल, तर तडजोड अशी असते: बिलिंगचं पुढचं जे काम येईल त्यात त्या अकरापैकी ज्या दोन-तीन जागांना हात लागणारच आहे, तेवढ्या तक्त्यावर आणायच्या आणि अंदाजात तो अर्धा दिवस उघडपणे धरायचा. वेळ जास्त जातो. काही महिने दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात, आणि त्या काळात दर पुन्हा बदललाच तर तक्ताही बदलावा लागतो आणि उरलेल्या जागाही.