८८ घरे, तीन सहगुणक आणि दोन चाचण्या

अर्थशास्त्राच्या पदवी प्रकल्पात रिग्रेशनचा तक्ता आला की त्याखाली बहुतेक वेळा दोन ओळी असतात: ‘सर्व व्हीआयएफ १० पेक्षा कमी आहेत, म्हणून मल्टिकोलिनिॲरिटी नाही. ब्रूश-पॅगन चाचणी केली.’ मग थेट निष्कर्ष. या दोन चाचण्या अशा उरकायच्या नसतात. पहिली विचारते, दोन कारणांचा परिणाम वेगळा करता येईल इतके ती कारणे आपल्या आकडेवारीत वेगळी आहेत का? दुसरी विचारते, तक्त्यातल्या स्टँडर्ड एररवर विश्वास ठेवता येईल का? उत्तरे मिळाली की तक्ता वेगळा वाचावा लागतो.

त्यासाठी जेफ्री वूल्ड्रिज यांच्या इकॉनोमेट्रिक्सच्या पाठ्यपुस्तकासोबत येणारी एक छोटी आकडेवारी फार सोयीची आहे. अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरातली ८८ घरे, विक्रीचे भाव १९९० सालचे, ‘बॉस्टन ग्लोब’ या वृत्तपत्राच्या मालमत्ता-पानांवरून टिपलेले. प्रत्येक घराचा भाव हजार डॉलरमध्ये, भूखंडाचे आणि बांधकामाचे क्षेत्रफळ चौरस फुटांत, आणि बेडरूमची संख्या. आर ही मोफत प्रणाली ज्याच्याकडे आहे, त्याला पुढच्या ओळी स्वतः चालवून पाहता येतील.

```r
library(wooldridge); library(car)
library(lmtest); library(sandwich)
data(hprice1)
m1 <- lm(price ~ lotsize + sqrft + bdrms, data = hprice1)
summary(m1)
vif(m1)
bptest(m1)
coeftest(m1, vcov = vcovHC(m1, type = "HC0"))
```

भावातला सुमारे ६७ टक्के चढउतार हे मॉडेल टिपते. बांधकामाच्या प्रत्येक जादा चौरस फुटामागे भाव सरासरी १२३ डॉलरने वाढतो, आणि हा आकडा भक्कम आहे. बेडरूमचा सहगुणक मात्र १३.८५ आणि त्याची स्टँडर्ड एरर ९.०१. म्हणजे एका जादा बेडरूमची किंमत ९५ टक्के विश्वासाने सांगायची तर ती उणे ४ हजार डॉलरपासून अधिक ३२ हजार डॉलरपर्यंत कुठेही असू शकते. इतक्या रुंद पट्ट्यातून काहीच ठरत नाही.

इथे प्रकल्प लिहिणाऱ्याचा पहिला संशय मल्टिकोलिनिॲरिटीवर जातो, आणि संशय रास्तही आहे. मोठ्या घरात बेडरूम जास्त असणारच. दोन्ही गोष्टी हातात हात घालून वाढत असतील, तर भाव जागेमुळे वाढला की खोल्यांमुळे, हे मॉडेलला कसे कळावे? व्हीआयएफ हे मोजतो, आणि तो हातानेही काढता येतो. भाव बाजूला ठेवायचा आणि बेडरूमच्या संख्येचेच रिग्रेशन उरलेल्या दोन चलांवर करायचे. त्याचा आर-वर्ग सुमारे ०.२८ येतो. एकातून तो वजा करून एकाला त्या संख्येने भागले की व्हीआयएफ मिळतो, साधारण १.४.

या १.४ चा अर्थ नेमका आहे. बेडरूमची संख्या इतर दोन चलांशी अजिबात जोडलेली नसती, तर तिच्या सहगुणकाचा व्हेरिअन्स १.४ पट कमी असता. स्टँडर्ड एरर त्याच्या वर्गमुळाने, म्हणजे १.१८ पटीने कमी झाली असती: ९.०१ ऐवजी ७.६. तरीही टी-मूल्य १.८ च्या आसपासच राहते आणि ५ टक्क्यांच्या पातळीला लागणारा साधारण २ चा उंबरठा ओलांडला जात नाही. थोडक्यात, बेडरूमचा आकडा धूसर आहे तो मल्टिकोलिनिॲरिटीमुळे नव्हे. मुख्य अडचण घरे कमी असण्याची आहे. स्टँडर्ड एरर निम्मी करायची तर ढोबळमानाने चौपट, म्हणजे साडेतीनशे घरे लागतील. अर्थशास्त्रज्ञ आर्थर गोल्डबर्गर हेच बजावत असत, की ज्याला आपण मल्टिकोलिनिॲरिटी म्हणून भितो तो परिणामांच्या दृष्टीने नमुना लहान असण्याचाच प्रकार आहे.

बेडरूमच्या सहगुणकाचा अर्थही इथे नीट लावायला हवा. क्षेत्रफळ तेवढेच ठेवून एक बेडरूम वाढवायची, म्हणजे असलेल्या जागेतच आणखी एक भिंत घालायची. त्याला ग्राहक फार पैसे मोजणार नाही, हे पुण्या-मुंबईत फ्लॅट पाहिलेल्या कोणालाही पटेल. लहान सहगुणक हा दरवेळी मॉडेलचा आजार नसतो.

खरी मल्टिकोलिनिॲरिटी कशी दिसते हे पाहायचे असेल तर याच आकडेवारीत आणखी एक रकाना आहे: विक्रीपूर्वी ठरवलेले घराचे करपात्र मूल्यांकन. समजा, सगळे मोठे आकडे लॉगमध्ये घेतले. मूल्यांकनाशिवाय बांधकाम-क्षेत्रफळाचा सहगुणक ०.७०० येतो, स्टँडर्ड एरर ०.०९३. म्हणजे जागा १० टक्क्यांनी मोठी तर भाव सुमारे ७ टक्क्यांनी जास्त. आता मूल्यांकन आत घेतले की आर-वर्ग ०.६४ वरून ०.७७ वर जातो, विद्यार्थी खूश होतो, आणि क्षेत्रफळाचा सहगुणक होतो उणे ०.१०३. चिन्हच उलटले. मॉडेलची एकूण चूक घटलेली असूनही त्याची स्टँडर्ड एरर ०.१३८ पर्यंत वाढते. हे आकडे जुळवून पाहिले तर क्षेत्रफळाचा व्हीआयएफ साडेतीन पटीने फुगल्याचे दिसते. गंमत अशी, की तो फुगूनही पाचच्या आसपासच राहतो. ‘१० पेक्षा कमी, म्हणून ठीक’ हा नियम पाळणाऱ्याला इथे काहीच खटकणार नाही.

मग काय करायचे? अनेक प्रकल्पांत जास्त व्हीआयएफ असलेला चल डोळे मिटून काढला जातो. ते चूक आहे; एखादा खरा घटक वगळला तर त्याचा परिणाम दुसऱ्याच्या नावावर जमा होतो आणि सहगुणक पक्षपाती होतात. निर्णय प्रश्नावरून घ्यायचा. मूल्यांकन करणाऱ्याने क्षेत्रफळ, भूखंड, खोल्या पाहूनच आकडा ठरवलेला असतो. त्यामुळे मूल्यांकन स्थिर धरून क्षेत्रफळ वाढवले तर काय होईल, हा घराच्या किमतीबद्दलचा प्रश्नच राहत नाही. मूल्यांकनात काही सुटले का, असा तो प्रश्न होतो. प्रकल्प करमूल्यांकनाच्या अचूकतेवर असेल तर हे मॉडेल योग्यच आहे, आणि तिथे क्षेत्रफळाचा सहगुणक शून्याजवळ येणे ही चांगली बातमी आहे. प्रकल्प घरांच्या किमतीवर असेल तर तो रकाना मॉडेलबाहेरच हवा.

आता दुसरी चाचणी. साध्या रिग्रेशनमधली स्टँडर्ड एरर असे गृहीत धरते की लहान घर असो की मोठे, मॉडेलची चूक सारख्याच पसाऱ्याची असते. बाजार असा वागत नाही. दीड लाखाच्या घराचा भाव अंदाजाच्या पाच-दहा हजार इकडेतिकडे असेल. सात लाखांच्या घरात हा फरक सहज लाखात जातो. आडव्या अक्षावर अंदाजित भाव आणि उभ्या अक्षावर चूक मांडली की हेटरोस्केडॅस्टिसिटी असलेल्या आकडेवारीत ठिपके डावीकडे दाटीने आणि उजवीकडे पसरत गेलेले दिसतात. चाचणीआधी हा आलेख काढावाच.

ब्रूश-पॅगन चाचणी हीच गोष्ट आकड्यात सांगते. ट्रेव्हर ब्रूश आणि एड्रियन पॅगन यांनी ती १९७९ मध्ये मांडली; आज वापरतात ते तिचे सुधारित रूप. प्रत्येक घराच्या चुकीचा वर्ग करायचा आणि त्या वर्गांचे रिग्रेशन त्याच तीन चलांवर करायचे. चुकीचा आकार घराच्या आकाराशी जोडलेला नसेल तर या रिग्रेशनला काही सापडता कामा नये. इथे आर-वर्ग येतो ०.१६०१. त्याला ८८ ने गुणले की १४.०९. तीन चलांसाठी ५ टक्के पातळीचा काय-वर्ग उंबरठा ७.८१ आहे. पी-व्हॅल्यू ०.००२८. स्टँडर्ड एरर विश्वासार्ह नाहीत, असा हा कौल आहे.

सहगुणक यामुळे पक्षपाती होत नाहीत; १२३ डॉलर हा अंदाज आहे तसाच राहतो. बिघडते ती त्याभोवतीची अनिश्चितता. त्यावर १९८० मध्ये हॅल्बर्ट व्हाइट यांनी रूढ केलेला उपाय म्हणजे रोबस्ट स्टँडर्ड एरर. ती लावली की भूखंडाच्या सहगुणकाची एरर ०.०००६४ वरून ०.००१२२ होते आणि टी-मूल्य ३.२ वरून १.७ वर उतरते. आधी दोन तारे मिरवणारा चल आता ५ टक्क्यांची पातळीही गाठत नाही. बेडरूमची एरर उलट किंचित घटते. रोबस्ट म्हणजे नेहमी मोठी, हा समज इथेच खोटा ठरतो.

पण थांबायची जागा ही नव्हे. त्या आदेशात `HC0` ऐवजी `HC3` लिहून पाहावे, म्हणजे लहान नमुन्यासाठी सुचवली जाणारी दुरुस्ती. भूखंडाची एरर ०.००७१ होते, मूळच्या अकरा पट. इतका फरक पडला की तक्ता सोडून आकडेवारीच उघडून बघावी. भूखंडांची सरासरी सुमारे ९,००० चौरस फूट आहे, आपल्या मापात आठ गुंठे. आणि त्यांत एक भूखंड ९२,६८१ चौरस फुटांचा, म्हणजे ८५ गुंठ्यांचा. हे एक घर रेषेला स्वतःकडे इतके खेचते की त्याची चूक कृत्रिमरीत्या लहान दिसते. `HC3` त्या खेचण्याची भरपाई करते, म्हणून तिचा आकडा उसळतो. भूखंडाचा सहगुणक ८८ घरांचा म्हणायचा, पण त्यातला मोठा भार एकाच घरावर होता.

ते घर वगळणे हा सोपा मार्ग. पण ते चुकीचे नोंदलेले नाही तोवर त्याला हाकलायला आधार नाही. इथे लॉग उपयोगी पडतो. लॉगमध्ये दहापट अंतर आटोक्यात येते, आणि डॉलरमधल्या चुकांऐवजी टक्क्यांमधल्या चुका मोजल्या जातात, ज्या लहान-मोठ्या घरांत बऱ्याच सारख्या असतात. तीच ब्रूश-पॅगन चाचणी आता ४.२२ देते, पी-व्हॅल्यू ०.२३९. भूखंडाचा सहगुणक ०.१६८, एरर ०.०३८: तो स्पष्टपणे शून्यापासून दूर आहे, आणि या वेळी एका घराच्या जोरावर नाही.

०.२३९ चा अर्थ ‘हेटरोस्केडॅस्टिसिटी नाही हे सिद्ध झाले’ असा लिहू नये. ८८ घरांत ती पकडण्याइतका पुरावा मिळाला नाही, एवढेच म्हणता येते. म्हणून प्रकल्पाच्या मुख्य तक्त्यात लॉगचे मॉडेल द्यावे, त्याच्या साध्या आणि रोबस्ट एरर शेजारी-शेजारी छापाव्यात, आणि डॉलरमधले पहिले मॉडेल त्याच्या १४.०९ या आकड्यासह परिशिष्टात ठेवावे. तोंडी परीक्षेत ‘लॉग का घेतला?’ असे विचारले गेले तर विद्यार्थ्याला तेच पान उघडून दाखवता येते.