चौथ्या मजल्यावरची आगाऊ खिडकी : अपस्केल केलेला रेंडर साफ कसा करायचा

ऐकायला वेळ नसेल, तर आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. मोबाईलवर वाचत असाल तर एक करा: तुमचा एखादा अपस्केल केलेला रेंडर गॅलरीत उघडून ठेवा. वाचता वाचता झूम करून बघता येईल.

मी नाशिकमध्ये इमारतींचे रेंडर करतो. मध्यंतरी गंगापूर रोडच्या बाजूची एक इमारत आली होती. खाली दुकानं, वर चार मजले. रेंडर १९२० बाय १०८० चा केला, पंचवीस मिनिटांत झाला. होर्डिंगसाठी मोठा हवा होता, म्हणून एआय अपस्केलरमधून चौपट केला, म्हणजे ७६८० बाय ४३२०. मोबाईलवर पाहिला तर एकदम झकास. पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी बिल्डरच्या वडिलांचा फोन. त्यांनी चष्मा लावून एकेक मजला मोजला होता. म्हणाले, "अरे बाळा, चौथ्या मजल्यावर आठ खिडक्या कशा? आपल्या प्लॅनमध्ये सातच आहेत ना."

बघितलं तर खरंच! जिथे डक्टची कोरी भिंत होती, तिथे एक खिडकी उगवली होती, पडद्यासकट. मग बाकीचंही दिसायला लागलं. 'मेडिकल'च्या पाटीवर शिरोरेषा होती, खाली अक्षरांसारखं काहीतरी होतं, पण वाचता येत नव्हतं. दाराचं हँडल चमचा वितळल्यासारखं, आणि तेही बिजागरीच्या बाजूला.

हसू येतं, पण प्रकरण साधं नाही. २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १२ जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीबद्दलच आहे. अशा माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर भरपाई बिल्डरला द्यावी लागते. जी खिडकी बांधायचीच नाही, ती होर्डिंगवर नको.

हे होतं का?

थोडं गणित करू. माझी इमारत २४ मीटर रुंद होती आणि चित्रात तिला १४४० पिक्सेल मिळाले होते. म्हणजे एका मीटरला ६० पिक्सेल. बारा सेंटीमीटरचं हँडल झालं जेमतेम ७ पिक्सेलचं. पाटीवरचं २५ सेंटीमीटरचं अक्षर १५ पिक्सेलचं. त्या पंधरात शिरोरेषा, वेलांटी, काना सगळं बसवायचं! चौपट केल्यावर हँडल २८ पिक्सेलचं होतं, पण माहिती सातचीच राहते. उरलेलं अपस्केलर अंदाजाने भरतो. झाडाचं पान अंदाजाने भरलं तर कुणाला कळत नाही. अक्षर आणि हँडल मात्र आपण रोज बघतो, त्यामुळे चूक लगेच डोळ्यात जाते.

खिडक्यांचं कारण वेगळं. मोठं चित्र अपस्केलर एकदम करत नाही, तुकडे पाडून करतो. माझे तुकडे १०२४ पिक्सेलचे होते. मोठ्या चित्रात एका मीटरला २४० पिक्सेल, म्हणजे एका तुकड्यात साधारण सव्वाचार मीटर इमारत. त्या तुकड्याला शेजारी काय चाललंय हे माहीत नसतं, पण वर्णन प्रत्येकाला तेच दिलेलं असतं: खिडक्यांची इमारत. मग कोऱ्या भिंतीच्या तुकड्यातही तो खिडकी शोधतो, आणि तोच पडदा, तीच कुंडी पुन्हा पुन्हा काढतो. ओळखायची खूण सांगतो. माझ्या खऱ्या खिडक्या तीन-तीन मीटरवर होत्या, पण पडदा सव्वाचार मीटरवर परत येत होता. नक्षी इमारतीच्या मापाने न येता तुकड्याच्या मापाने आली, की समजा, ती अपस्केलरची.

आधी चुका शोधा

नुसत्या नजरेवर भरवसा नको. मूळ रेंडर साध्या पद्धतीने, एआयशिवाय, चौपट करा. फोटोशॉपमध्ये तो अपस्केल केलेल्या चित्रावर ठेवा आणि लेयरचा मोड `Difference` करा. चित्र जवळपास काळं होईल. कडांवर बारीक रेषा चमकतील, त्या चालतात. पण जिथे भरीव ठिपका किंवा चौकोन दिसेल, तिथे काहीतरी नवीन उगवलंय. माझी आगाऊ खिडकी अशी दिव्यासारखी दिसली. त्यानंतर प्रत्येक मजल्याच्या खिडक्या प्लॅनशी मोजून घ्या.

मग दुरुस्ती

माझी पहिली चूक ही, की हँडलवर ब्रश फिरवत बसलो. दोन तास गेले आणि चमच्याचा पळा झाला. चुकीच्या चित्रातून बरोबर हँडल निघत नाही. ते थ्रीडी मॉडेलमध्ये आहे, तिथूनच आणायचं.

ब्लेंडरमध्ये कॅमेऱ्यातून बघताना `Ctrl+B` दाबून दाराभोवती चौकोन काढा आणि रिझोल्यूशन ४००% करा. `Crop to Render Region` वर टिक नको, म्हणजे तुकडा पूर्ण आकाराच्या चित्रात आपल्या जागीच येतो आणि सरकवावा लागत नाही. चौकोन हँडलपुरता न ठेवता त्याची सावली धरून काढा, नाहीतर हँडल हवेत तरंगतं. सगळं चित्र या आकारात करायला मला सोळापट वेळ, म्हणजे साडेसहा तासांच्या वर लागले असते. दारं मिळून चित्राचा विसावा भाग होता, तो वीसेक मिनिटांत झाला.

हा तुकडा वर ठेवा, मास्कची कड सहा-आठ पिक्सेल मऊ करा. तो आजूबाजूपेक्षा जास्त धारदार दिसेल, त्याला किंचित ब्लर द्या. शेवटी सगळ्या चित्रावर एकसारखा ग्रेन टाकला की जोड दिसत नाही.

पाटीची अक्षरं मात्र रेंडरही करू नका. अपस्केल झाल्यानंतर नव्याने टाइप करा आणि पाटीच्या कोनात बसवा. मराठी जोडाक्षरं फुटत असतील तर फोटोशॉपमध्ये `World-Ready Layout` निवडा. पाटीवर सावली पडत असेल तर ती अक्षरांवरही पडू द्या, नाहीतर स्टिकर चिकटवल्यासारखं दिसतं. महारेराचा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड तर अगदी शेवटी, जाहिरातीच्या मांडणीतच टाका. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो अपस्केलरमधून गेला तर दिसायला कोडसारखाच दिसेल, पण स्कॅन होईलच असं नाही.

खिडक्यांसाठी त्या भागात साधा चौपट केलेला मूळ रेंडर मास्कने परत आणा. थोडा मऊ दिसेल, पण खरा असेल. पुढच्या वेळी `Denoising strength` कमी ठेवा. माझ्या कामात ०.२५ च्या आसपास इमारत जागेवर राहते, ०.४ च्या वर गेलं की खिडक्या उगवायला लागतात. आणि वर्णनात 'खिडक्या', 'बाल्कनी' लिहूच नका.

मॉडेलच हाताशी नसेल, फक्त चित्र असेल तर? मग आर्किटेक्टकडून एलिव्हेशन मागवा. तेही नसेल तर तो भाग मऊच राहू द्या. धूसर हँडल कुणी लक्षात ठेवत नाही, बिजागरीवरचं ठेवतात.

त्या इमारतीचा दुसरा रेंडर मी आधी आजोबांनाच पाठवला. दहा मिनिटांनी उत्तर आलं: "सात. बरोबर."

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर तुमच्या रेंडरमधल्या खिडक्या मोजून ठेवा.