चुंबक कमी करा, मोटर जोरात पळेल

गळीत हंगामात साखर कारखान्याच्या सेंट्रिफ्युगल विभागात पाच मिनिटे थांबले, तरी एका यंत्राची पूर्ण फेरी पाहायला मिळते. भोके पाडलेली एक मोठी पोलादी टोपली, तिच्या डोक्यावर उभी बसवलेली मोटर. पॅनमध्ये शिजलेला मॅसिक्विट, म्हणजे साखरेचे दाणे आणि मळी यांचा दाट काला, टोपलीत ओतला जातो तेव्हा ती साधारण २०० आरपीएमने फिरत असते. भरणा झाला की वेग हजार-बाराशेपर्यंत चढतो, मळी जाळीतून बाहेर फेकली जाते आणि दाणे आत भिंतीला चिकटून राहतात. मग यंत्र जवळजवळ थांबल्यासारखे, पन्नासेक आरपीएमवर येते, आत शिरलेले पाते साखर खरडून खाली पाडते आणि पुन्हा भरणा सुरू होतो. हंगाम संपेपर्यंत हे रात्रंदिवस चालते.

इतके वेगवेगळे वेग, तेही जड टोपलीसकट, एकाच मोटरकडून घ्यायचे, म्हणून या कामाला अनेक कारखान्यांनी स्वतंत्र फील्ड असलेली डीसी मोटर बसवली. नवी यंत्रे आता बहुतेक एसी मोटर घेऊन येतात, पण जुनी डीसी यंत्रे अजून राबत आहेत आणि वेगाचे गणित समजून घ्यायला त्यांच्याइतकी सरळ मोटर दुसरी नाही.

या मोटरला वीज दोन वाटांनी मिळते. बाहेरच्या स्थिर ध्रुवांभोवती फील्डची गुंडाळी असते. तिच्यातून थोडासा प्रवाह जातो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होते. आत फिरतो तो आर्मेचर. त्याला ब्रश आणि कम्युटेटरमधून मोठा प्रवाह मिळतो. दोन्हींचा पुरवठा वेगळा असल्यामुळे एकाला हात न लावता दुसरा बदलता येतो. वेगाच्या सगळ्या खुब्या इथून निघतात.

हिशेबासाठी एक मोटर धरू. ७५ किलोवॅट, आर्मेचरला ४४० व्होल्ट आणि १९० अँपिअर, फील्डला ५ अँपिअर, पूर्ण भारावर ६०० आरपीएम. आर्मेचरचा रोध ०.१ ओहम. १९० अँपिअर वाहताना या रोधात १९ व्होल्ट खर्च होतात. उरलेले ४२१ व्होल्ट कुठे जातात? चुंबकीय क्षेत्रात फिरणारा आर्मेचर स्वतःच जनित्रासारखा उलटा दाब तयार करत असतो. त्याला बॅक ईएमएफ म्हणतात. तो वेग आणि चुंबकीय क्षेत्र या दोघांच्या गुणाकाराप्रमाणे वाढतो. पुरवठ्याचा दाब आणि हा उलटा दाब यांच्यातल्या फरकावर प्रवाह ठरतो, आणि प्रवाह गुणिले चुंबकीय क्षेत्र यावर टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, ठरतो. पुढचे सारे या दोन वाक्यांतूनच येते.

आधी सोपी वाट. फील्ड पूर्ण ५ अँपिअरवर तसेच ठेवायचे आणि आर्मेचरचा दाब कमी-जास्त करायचा. २०० आरपीएमला बॅक ईएमएफ एक तृतीयांश, म्हणजे १४० व्होल्ट. त्यात रोधाचे १९ मिळवले की १५९ व्होल्टवर मोटर पूर्ण भार घेऊन २०० आरपीएमने फिरते. खरडण्याच्या ५० आरपीएमला तर पूर्ण प्रवाह धरूनही ५४ व्होल्ट पुरतात. वेग कितीही कमी असो, चुंबकीय क्षेत्र पूर्ण असल्यामुळे १९० अँपिअरला टॉर्क तितकाच मिळतो, या मोटरचा साधारण १,१९४ न्यूटन-मीटर. सुरुवातही सुखाची होते. उभ्या मोटरला बॅक ईएमएफ नसतो. तिला एकदम ४४० व्होल्ट दिले, तर ४४० भागिले ०.१, म्हणजे ४,४०० अँपिअर धावतील. दाब शून्यापासून चढवला की हा धोकाच राहत नाही.

बदलता डीसी दाब आणायचा कुठून, याचे पहिले चांगले उत्तर अमेरिकी अभियंता हॅरी वॉर्ड लिओनार्ड याने १८९१ च्या सुमारास दिले. एक मोटर, तिने फिरवलेले एक डीसी जनित्र, आणि त्या जनित्राचे फील्ड बदलून मुख्य मोटरला हवा तो दाब. एका मोटरसाठी तीन यंत्रे, पण खाणींचे पाळणे, लिफ्ट आणि पोलादाच्या गिरण्या त्यावर अनेक दशके चालल्या. पुढे थायरिस्टर आला आणि त्या फिरत्या जोडीची जागा भिंतीला लावलेल्या कपाटाने घेतली. तीन फेजच्या ४१५ व्होल्टमधून थायरिस्टरचा पूल हवा तितका डीसी दाब कापून देतो.

या वाटेत एक गोष्ट विसरली जाते. १९० अँपिअर वाहत असताना आर्मेचरच्या तांब्यात सुमारे ३,६०० वॉट उष्णता तयार होते, मग मोटर ६०० आरपीएमने फिरो की ५० ने. शाफ्टवर बसवलेला पंखा मात्र कमी वेगात नावापुरताच वारा देतो. म्हणून अशा मोटरवर स्वतंत्र ब्लोअर असतो. त्याची जाळी मळी आणि साखरेच्या धुळीने बुजली, तर मोटर प्रवाह न वाढताही तापत जाते, आणि कमी वेगाच्या कामात जास्त तापते. अमीटर बरोबर दिसतो आणि मोटर गरम लागते, तेव्हा आधी वारा तपासावा.

आता ६०० आरपीएम झाले, दाब ४४० व्होल्टला टेकला. टोपलीला तर १,२०० हवेत. दाब आणखी वाढवता येत नाही. इथे दुसरी वाट सुरू होते आणि ती पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटी वाटते. फील्डचा प्रवाह कमी करायचा.

चुंबक दुबळा केला तर मोटर हळू व्हायला हवी, असे मन म्हणते. आकडे पाहा. ६०० आरपीएमवर क्षेत्र १० टक्क्यांनी घटले, की बॅक ईएमएफ ४२१ वरून ३७९ वर उतरतो. पुरवठा ४४० चाच आहे. फरक १९ वरून ६१ व्होल्ट झाला, म्हणजे प्रवाह ६१० अँपिअर, तिपटीहून अधिक. क्षेत्र नव्वद टक्के आणि प्रवाह तिप्पट, म्हणून टॉर्क जवळजवळ तिप्पट होतो. मोटर धाव घेते आणि बॅक ईएमएफ पुन्हा पुरवठ्याच्या जवळ येईपर्यंत वेग वाढवते. प्रत्यक्षात फील्डची गुंडाळी प्रवाह एकदम बदलू देत नाही आणि ड्राइव्ह आर्मेचरचा प्रवाह मर्यादेत धरतो, म्हणून हा झटका सौम्य असतो. पण वेग वाढण्याचे कारण हेच.

क्षेत्र निम्मे केले की १,२०० आरपीएम मिळतात. त्यासाठी फील्डचा प्रवाह मात्र निम्मा करून भागत नाही. ५ अँपिअरला ध्रुवांचे लोखंड जवळजवळ संपृक्त झालेले असते, त्यामुळे निम्म्या क्षेत्रासाठी प्रवाह बराच खाली, समजा २ अँपिअरपर्यंत, आणावा लागतो. अशा मोटरच्या पाटीवर म्हणूनच फील्डचे दोन आकडे असतात. ते अंदाजाने लावायचे नसतात.

या वेगाची किंमत टॉर्कमध्ये मोजावी लागते. १९० अँपिअरला आता ५९७ न्यूटन-मीटरच मिळतात. शक्ती मात्र ७५ किलोवॅटच राहते, स्कूटर वरच्या गिअरमध्ये टाकल्यावर ओढ कमी आणि पळ जास्त होते तशी. सेंट्रिफ्युगलला हे फार मानवते. वरच्या वेगात टोपली एकदा फिरू लागली, की तिला फक्त हवेचा आणि बेअरिंगचा अडथळा सोसायचा असतो.

वेळेचा हिशेबही मांडून पाहावा. पूर्ण प्रवाहावर शून्यापासून ६०० पर्यंत चढायला ४० सेकंद लागत असतील, तर ६०० पासून १,२०० पर्यंत त्याच प्रवाहावर ६० सेकंद लागतात. वेग दुप्पट झाल्यावर साठलेली ऊर्जा चौपट होते, आणि तिचा तीन चतुर्थांश भाग या वरच्या टप्प्यात भरायचा असतो. पूर्ण टॉर्क शेवटपर्यंत टिकवला असता, तर हा टप्पाही ४० सेकंदांत उरकला असता. पण त्यासाठी ७५ ऐवजी १५० किलोवॅटची मोटर आणि तितकाच मोठा ड्राइव्ह घ्यावा लागला असता. वीस सेकंदांसाठी दुप्पट यंत्रसामग्री घेण्यात शहाणपण नाही, आणि फील्ड कमी करण्याच्या पद्धतीचा खरा फायदा हाच आहे. उलट उसाच्या गिरणीच्या रुळांना वरच्या वेगातही पूर्ण जोर हवा असतो. तिथे या वाटेने फार पुढे गेले तर प्रवाह मर्यादेला लागतो आणि गिरणी अडते.

क्षेत्र किती कमी करायचे, यालाही सीमा आहे. आर्मेचरचा स्वतःचा प्रवाहही चुंबकीय क्षेत्र तयार करतो आणि मुख्य क्षेत्राला वाकवतो. मुख्य क्षेत्र दुबळे असताना हे वाकणे जास्त जाणवते. त्यातच वेग वाढल्याने ब्रशखालून जाणाऱ्या प्रत्येक पट्टीला प्रवाह उलटा करायला कमी वेळ मिळतो. परिणाम ब्रशखाली दिसतो. ठिणग्या उठतात, कम्युटेटरच्या पट्ट्यांच्या कडा काळ्या पडतात. खालच्या वेगात ब्रश शांत आणि वरच्या वेगात ठिणग्या, असे असेल तर दोष बहुधा इथेच शोधावा.

ब्रेक लावतानाचा धोका वेगळा आहे. १,२०० वरून खाली येताना मोटर जनित्र होते आणि टोपलीतली ऊर्जा पुरवठ्यात परत जाते. या वेळी फील्ड घाईने पूर्ण केले, तर त्या वेगाला बॅक ईएमएफ ८४२ व्होल्टपर्यंत उसळू शकतो आणि प्रवाह थायरिस्टरच्या हाताबाहेर जातो. म्हणून ड्राइव्ह बॅक ईएमएफ एका पातळीवर धरून, वेग उतरेल तसतसेच फील्ड वाढवतो. नेमक्या ब्रेकच्या क्षणी कारखान्याचा दाब खाली गेला, तरी फ्यूज उडतात. फ्यूज नेहमी थांबतानाच जात असतील, तर मोटर खोलण्याआधी पुरवठ्याची नोंद पाहावी.

सगळ्यांत गंभीर प्रसंग फील्ड पूर्ण तुटण्याचा. तार सुटली, फ्यूज गेला, तरी लोखंडात थोडे चुंबकत्व शिल्लक राहतेच. मोटर हलकी असेल तर एवढ्याशा क्षेत्रात ४४० व्होल्टचा बॅक ईएमएफ गाठण्यासाठी ती वेग वाढवतच जाते, आणि आर्मेचरवरची बांधणी किंवा कम्युटेटरच्या पट्ट्या फुटून बाहेर येऊ शकतात. मोटर जड भाराखाली असेल तर पळत नाही, पण बॅक ईएमएफ कोसळल्याने आर्मेचरचा प्रवाह प्रचंड वाढतो. म्हणून फील्ड आधी चालू आणि आर्मेचर नंतर, बंद करताना आर्मेचर आधी, हा क्रम पॅनेलच्या जोडणीतच बांधलेला असतो. फील्डचा प्रवाह ठरलेल्या किमान आकड्याखाली गेला की फील्ड-फेल रिले आर्मेचरचा पुरवठा तोडतो. हा किमान आकडा आपल्या मोटरच्या २ अँपिअरपेक्षा थोडा खालीच हवा. वर लावला तर रिले चांगल्या चालत्या मोटरलाही वरच्या वेगात पाडतो. मग वैतागून कोणीतरी त्याला तार जोडून बाजूला काढतो, आणि त्या दिवसापासून यंत्राला राखण उरत नाही.

हंगाम संपून कारखाना बंद असतो तेव्हा विद्युत विभागाने एवढे जरूर करावे. आर्मेचरचा मुख्य पुरवठा तोडून, तो तुटल्याची खात्री करून, फक्त नियंत्रणाचा आणि फील्डचा पुरवठा द्यावा. मग फील्ड पॅनेलवरून बंद करावे आणि आर्मेचरचा कॉन्टॅक्टर पडतो का ते डोळ्यांनी पाहावे. पडला नाही, तर ते यंत्र पुढच्या हंगामात चालू करू नये.