कुकर घेतला की घेतली?

ऑनलाइन दुकानात एखादी खरेदीदार अभिप्राय लिहिते : ‘मागच्या महिन्यात कुकर घेतली, शिट्टी नीट वाजतो, झाकण घट्ट बसलं.’

कुकर पुल्लिंगी, शिट्टी स्त्रीलिंगी. लिहिणारी बाई असली तरी ‘मी कुकर घेतला’ असंच हवं, कारण इथे क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलतं.

काळाची चूक अधिक फसवी. खरेदी एकदाच झाली, म्हणून तिथे भूतकाळ योग्य. झाकणाचा गुण मात्र रोजचा आहे. ‘बसलं’ वाचून नव्या ग्राहकाला प्रश्न पडतो, आता बसत नाही की काय?

दुरुस्त ओळ अशी : ‘मागच्या महिन्यात कुकर घेतला. शिट्टी नीट वाजते, झाकण घट्ट बसतं.’ रबर महिन्याभरात सैल झालं असेल, तर मात्र ‘सुरुवातीला घट्ट बसायचं’ हेच खरं.