डिस्क भरली, पण का भरली?

२९ ऑगस्ट २०२३ रोजी टोयोटाचे जपानमधले सर्व १४ कारखाने थांबले. दोन दिवसांपूर्वी डेटाबेसची देखभाल चालू असताना डिस्कवरची जागा संपली होती. पर्यायी सर्व्हर त्याच यंत्रणेवर चालत असल्यामुळे तोही उपयोगी पडला नाही.

असा बिघाड लहान प्रमाणावर कसा होतो, हे एका नमुन्याच्या प्रसंगातून पाहू. तिकीटविक्रीचे एक संकेतस्थळ आहे आणि त्यामागे पोस्टग्रेस डेटाबेस. सकाळी १०:०५ला डेटाबेस बंद पडतो. संकेतस्थळच बिघडले असे समजून ते दोनदा सुरू करून पाहण्यात वीस मिनिटे जातात. १०:२७ला कोणीतरी `df -h` ही आज्ञा देते आणि २०० जीबीची डिस्क शंभर टक्के भरलेली दिसते. त्यातले १२० जीबी एकट्या `pg_wal` फोल्डरने खाल्लेले असतात.

इथेच मोठी चूक होऊ शकते. नाव पाहून या फाइली जुन्या नोंदींच्या वाटतात आणि पुसण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात ती डेटाबेसची रोजवही असते. प्रत्येक बदल आधी तिथे उतरतो, आणि बंद पडलेला डेटाबेस तीच वाचून सावरतो. ती हाताने पुसली, तर तासाभराच्या गैरसोयीचे रूपांतर कायमच्या नुकसानीत होते. जाणता अभियंता तिला हात लावत नाही. डिस्कच मोठी करून घेतो. १०:५०ला डेटाबेस पुन्हा सुरू होतो, ११:०५ला विक्रीही.

मग चौकशी. वही एवढी का फुगली? महिन्यापूर्वी अहवालांसाठीचा दुय्यम सर्व्हर कायमचा बंद केला होता, पण मुख्य डेटाबेसमध्ये त्याच्या नावाचा ‘स्लॉट’ तसाच राहिला. स्लॉट म्हणजे ‘माझे वाचून होईपर्यंत पाने फाडू नका’ अशी सूचना. वाचणारा निघून गेला, पाने साठत राहिली. रोज ४ जीबी म्हणजे तीस दिवसांत १२० जीबी. मूळ कारण हे. डिस्क भरणे हा केवळ परिणाम.

दुसरा प्रश्न अधिक बोचरा आहे. डिस्क ९० टक्के भरली, तेव्हा २० जीबी शिल्लक होते, म्हणजे हातात पाच दिवस होते. इशारा गेलाही, पण कोणीही न उघडणाऱ्या ईमेल खात्यावर. त्या एका तासाचा खरा दोष इथे आहे.

तो निरुपयोगी स्लॉट त्याच दिवशी काढला जातो:

```
SELECT pg_drop_replication_slot('report_copy');
```

पुढच्या कामांना माणूस आणि तारीख नेमून दिली जाते. इशारा ड्युटीवरच्या माणसाच्या फोनवर जाईल. सर्व्हर बंद करण्याच्या यादीत ‘स्लॉट काढा’ ही ओळ येईल. आणि पोस्टग्रेसच्या १३व्या आवृत्तीपासून मिळणारी `max_slot_wal_keep_size` ही मर्यादा घातली जाईल. तिची किंमतही आहे: या मर्यादेपलीकडे मागे पडलेला दुय्यम सर्व्हर सहसा नव्याने उभारावा लागतो. तिकीटविक्री बंद राहण्यापेक्षा ती किंमत परवडते.