गाडीवरचा बूट : घोटा, गिअर आणि थांबतानाचा पाय

रांजणगावच्या एमआयडीसीत शिफ्टला जाणारं माणूस आता आपल्या बहुतेक घरांत आहे. कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा, आणि काही जणी स्वतःच गिअरची मोटरसायकल काढतात. हेल्मेटबद्दल आपण बोलतो, पायातल्या बुटाबद्दल कुणी बोलत नाही. पायात एकतर चप्पल असते, नाहीतर कंपनीचा सेफ्टी शूज.

सेफ्टी शूज चांगलाच असतो, पण तो कशापासून वाचवतो ते नीट समजून घेऊ. आयएस १५२९८ या मानकाच्या सेफ्टी शूजमध्ये बोटांवर कडक टोपी असते. साधारण मीटरभर उंचीवरून वीस किलोचं वजन पडलं तरी बोटं चिरडू नयेत, असा तिचा हिशेब. म्हणजे तो वरून पडणाऱ्या वस्तूसाठी केलेला आहे. गाडी मात्र आडवी पडते. शंभर-सव्वाशे किलोची गाडी कुशीवर येते आणि पाय तिच्या नि रस्त्याच्या मध्ये सापडतो. तिथे मार बसतो घोट्याला, आणि कंपनीचा बुटका शूज बहुतेक वेळा घोट्याच्या खालीच संपतो.

आमच्या गटातल्या एका ताईंचं असंच झालं. उसाच्या हंगामात न्हावऱ्याकडच्या रस्त्यावर ट्रॉल्यांनी शेतातला चिखल डांबरावर आणलेला. वळणाआधी त्यांनी गाडी हळू केली, डावा पाय टेकवला, तो बाहेर सरकला आणि गाडी त्याच बाजूला आली. वेग जवळपास नव्हताच. बुटाच्या टोपीला ओरखडाही नाही, पण घोट्याचं हाड मोडलं. दीड महिना प्लॅस्टर, आणि तेवढे दिवस पगार नाही.

तेव्हा बूट घ्यायचा तो घोट्याचं हाड पूर्ण झाकणारा. खास रायडिंग बुटात घोट्याच्या दोन्ही बाजूंना कडक वाट्या असतात, पण चांगला जोड चार-पाच हजारांच्या पुढे जातो. तेवढे जमत नसतील तर हाय-अँकल सेफ्टी शूज हजार-दीड हजारांपासून मिळतो. त्यात वाट्या नसतात. घोटा खरचटण्यापासून वाचतो, मुरगळणं कमी होतं, एवढंच. ट्रकचं चाक तो अडवणार नाही. दुकानात बूट हातात घ्या. टाच एका हातात, पुढचं टोक दुसऱ्या हातात धरून पिळा. ओल्या फडक्यासारखा पिळला गेला तर ठेवून द्या. मग घालून, नाड्या बांधून, दुसरीला टाच धरून ओढायला सांगा. सहज निघाला तर पडताना तो आधी निघून जाईल.

आता गिअर. ज्या गाडीत गिअर पायाच्या वरच्या भागाने उचलावा लागतो, तिथे डाव्या बुटावर अंगठ्याच्या मागे तेवढीच एक जागा झिजते. आधी रंग जातो, मग शिवण उसवते, मग पाणी आत येतं. पण बुटाला दोष देण्याआधी गिअरच्या दांड्याच्या टोकावरचं रबर बघा. ते गेलं असेल तर उघडं लोखंड बूट खातं. रबर अगदी स्वस्त असतं. झिजलेल्या जागी चांभाराकडून चामड्याची पट्टी शिवून घेतली की बूट बराच काळ चालतो. आणि टोपीचा जाड बूट दांड्याखाली जात नसेल तर गिअर अर्धवट पडतो, गाडी मध्येच न्यूट्रल होते. अशा वेळी मेकॅनिकला दांडा एक दाता वर बसवायला सांगा. दांड्याचा बोल्ट सैल करून करायचं काम आहे, पाच-दहा मिनिटांचं. नाडीचं टोक मात्र बुटात खोचायचंच. लोंबती नाडी दांड्यात अडकली की थांबताना पाय खाली येतच नाही.

राहिला तळवा. पंपावर सांडलेलं डिझेल, ओले पांढरे पट्टे, बारीक खडी, उसाचा चिखल, या सगळ्यांवर गुळगुळीत तळवा घसरतोच. विकत घेताना तळव्यात नख रोवून बघा. नख थोडं रुतलं आणि खूण परत भरली तर रबर मऊ आहे. नख रुतलंच नाही तर तो कडक प्लास्टिकचा तळवा, पावसात उपयोगाचा नाही. रोजच्या वापरातला बूट उलटा करून डाव्या पायाचा चवडा पाहा. तिथल्या खाचा सपाट झाल्या की तळवा बदलायची वेळ आली, बाकी बूट नवा दिसला तरी. बाहेरची कडच जास्त झिजली असेल, तर चालवणारा थांबण्याआधीच पाय रस्त्यावर घासत नेतोय. गाडी ब्रेकने थांबवायची आणि पूर्ण थांबता थांबता तळवा सपाट टेकवायचा.

पावसात भिजलेला बूट चुलीजवळ ठेवू नका, डिंक सुटून तळवा निघतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, ते ओले झाले की बदला, आणि वाऱ्यावर सावलीत ठेवा.