फॉरमॅट झालेल्या कार्डातला हळदीचा व्हिडिओ

लग्नाच्या गडबडीत हमखास होणारी गोष्ट. सकाळी हळद शूट झाली, दुपारी कोणीतरी कार्ड रिकामं समजून कॅमेऱ्यात घातलं आणि ‘फॉरमॅट’ दाबलं. कॅमेरा दोन-तीन सेकंदांत मोकळा झाला. ६४ जीबीचं कार्ड एवढ्या वेळात पुसून होत नाही. झालेलं असतं इतकंच, की कुठली फाइल कुठून कुठपर्यंत आहे याची नोंद कोरी होते. तलाठ्याच्या दप्तरातला सातबारा कोरा झाला म्हणून शेत जागचं हलत नाही. दुसऱ्या कोणी नांगर घातला तरच ते मोडतं.

नोंद नसताना फाइल शोधायची कशी? यासाठीच्या पद्धतीला फाइल कार्व्हिंग म्हणतात. प्रोग्राम नोंदवहीकडे बघतच नाही. तो कार्ड पहिल्या सेक्टरपासून शेवटापर्यंत वाचत जातो आणि ओळखीच्या खुणा शोधतो. एमपी४ व्हिडिओच्या अगदी सुरुवातीला `ftyp` ही चार अक्षरं असतात. ती दिसली की इथून व्हिडिओ सुरू झाला असं धरून तो पुढचा भाग उचलतो. फाइलचं नाव नोंदीबरोबरच गेलेलं असतं, म्हणून फोटोरेक हा फुकट मिळणारा प्रोग्राम सापडलेल्या फाइलला `f0065536.mp4` असं काहीतरी नाव देतो. त्यातला आकडा सेक्टरचा असतो, त्यामुळे क्लिपा कोणत्या क्रमाने होत्या याचा अंदाज त्यावरून येतो.

आता कार्ड वापरणं का थांबवायचं ते पाहू. समजा, हळदीची पहिली क्लिप १२ मिनिटांची होती. फॉरमॅटनंतर चूक लक्षात येईपर्यंत दोन मिनिटांचं नवं शूटिंग झालं. सेकंदाला ५० मेगाबिट या दराने दोन मिनिटांचे सुमारे ७५० एमबी होतात. बहुतेक कॅमेरे फॉरमॅटनंतर पुन्हा कार्डाच्या सुरुवातीपासून लिहितात, म्हणजे घाव बसला पहिल्या क्लिपच्या तोंडावर. गेली दोनच मिनिटं असं वाटेल, पण `ftyp` ची खूणच गेल्याने प्रोग्रामला ती पूर्ण क्लिप दिसत नाही. दहा मिनिटं कार्डावर असूनही सापडत नाहीत. ती हाताने जोडायला जाणकार लागतो. पुढच्या क्लिपा मात्र शाबूत निघतात. शूटिंग तसंच चालू राहिलं असतं, तर दुसरीही गेली असती.

शेपटीचंही तसंच. बरेच कॅमेरे रेकॉर्डिंग थांबवल्यावर फाइलच्या शेवटी `moov` नावाचा तक्ता लिहितात. कुठली फ्रेम कुठे आहे, हे त्यात असतं. तो नसेल तर ४ जीबीची फाइल हातात असूनही प्लेअर ती उघडत नाही. अशा वेळी त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर काढलेला एखादा चांगला व्हिडिओ नमुना म्हणून देऊन अनट्रंकसारखं साधन तक्ता नव्याने बांधू शकतं. दर वेळी जमतं असं नाही.

म्हणून कार्ड लगेच बाहेर काढावं. मोठ्या एसडी कार्डाच्या कडेला लॉकची पट्टी असते, ती सरकवावी. ‘काही दिसतंय का बघू’ म्हणून ते फोनमध्ये घालू नये, कारण फोन स्वतःचे फोल्डर तयार करतो. संगणकाने पुन्हा फॉरमॅट करू का विचारलं, तर नाही म्हणावं. त्यानंतर आधी कार्डाची जशीच्या तशी प्रत, म्हणजे इमेज काढायची आणि शोध त्या प्रतीवर घ्यायचा. लिनक्सवर ते असं होतं:

```
lsblk
sudo ddrescue -d /dev/sdX card.img card.map
photorec card.img
```

`sdX` च्या जागी `lsblk` मध्ये आकारावरून ओळखलेलं कार्डाचं नाव घालायचं. फोटोरेकच्या `File Opt` मध्ये सगळे प्रकार बंद करून `mov` तेवढा ठेवला, तर एमपी४ही त्यातच येतात आणि फुटकळ फायलींचा ढीग होत नाही. सापडलेल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवायच्या; त्याच कार्डावर उतरवणं म्हणजे उरलेलंही घालवणं.

कार्व्हिंगला एक गोष्ट जड जाते: तुकडे. व्हिडिओ सलग लिहिलेला आहे असं धरूनच ते चालतं. मधल्या मधल्या क्लिपा डिलीट करून वापरलेल्या कार्डावर नवा व्हिडिओ मोकळ्या फटींतून विखुरला जातो. काही ॲक्शन कॅमेरे मोठ्या व्हिडिओबरोबर त्याची लहान प्रतही लिहीत जातात, तेव्हा दोन्हींचे तुकडे एकमेकांत मिसळतात. मग क्लिप थोडी चालते आणि हिरवे-करडे चौकोन दिसू लागतात. आणि इमेज सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसती शून्यं दाखवत असेल, तर फॉरमॅट करताना कार्ड खरोखर पुसलं गेलं आहे. तिथे कार्व्हिंगचा उपयोग नाही.

दुकानात कार्ड देणार असाल तर एवढंच विचारा: आधी इमेज काढणार ना? उत्तर ‘त्याची गरज नाही’ असं आलं, तर कार्ड परत घ्या.